ग्रुप सोडण्याआधी

चि. यास,

काल रात्रीचा तुझा मेसेज सकाळी वाचला. शेअर घेण्या-विकण्याच्या टिप्स देणाऱ्या त्या ग्रुपला सहा महिन्यांच्या कॉल्ससाठी १८,००० रुपये भरलेस, दोन महिन्यांत तोटाच झाला, आणि आता ‘नुकसान झालं तर शंभर टक्के रिफंड’ म्हणणारा अ‍ॅडमिन उत्तर देत नाही. ग्रुप सोडायचाच आहे, पण रागाच्या भरात लगेच ‘लीव्ह’ दाबू नकोस. बाहेर पडलास की जुने मेसेज हातचे जाऊ शकतात, आणि अ‍ॅडमिनला ते पुसताही येतात. आधी रिफंडचं वचन, दिलेले कॉल्स आणि त्यांच्या तारखा यांचे स्क्रीनशॉट घे, चॅट एक्स्पोर्ट कर. पैसे भरल्याचा यूटीआर नंबर लिहून ठेव. यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ चालू असेल तर ते आजच बंद कर.

आता रिफंडचं. मी पंचवीस वर्षं सब-ब्रोकरचं ऑफिस चालवलं, या वचनाचे सगळे अवतार पाहिले. मीही एकदा फसलो होतो. रिफंड मागितल्यावर समोरचा म्हणाला, ‘सगळे कॉल्स सांगितल्या क्वांटिटीने घेतल्याचं स्टेटमेंट दाखवा.’ एक कॉल मी सोडला होता, झालं! दुसरा अवतार म्हणजे रिफंडऐवजी तीन महिने सेवा वाढवून देणं. तिसरा सगळ्यात महाग: ‘तोटा भरून काढणारा जॅकपॉट कॉल आहे, फक्त प्रीमियम ग्रुपची फी भरा.’

खरी गोम अशी, की तोटा झाला तर पैसे परत हे वचन खरा नोंदणीकृत रिसर्च अ‍ॅनालिस्ट देऊच शकत नाही. खात्रीशीर परताव्याला सेबीची मनाई आहे. नियमाने मिळतो तो रिफंड वेगळा: सेवा मध्येच सोडलीस, तर न वापरलेल्या मुदतीच्या प्रमाणात फी परत. तुझ्या हिशेबात सहापैकी चार महिने उरलेत, म्हणजे १२,००० रुपये. शेअरमध्ये बुडालेले पैसे त्यात येत नाहीत. तू १८,००० मागशील तर वाद तिथेच अडकेल. १२,००० मागितलेस तर पाय नियमावर राहील.

पण हा नियम नोंदणी असलेल्यालाच लागू, म्हणून आधी ते तपास. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा नोंदणी क्रमांक INH ने आणि इन्व्हेस्टमेंट अ‍ॅडव्हायजरचा INA ने सुरू होतो, पुढे नऊ आकडे असतात. `sebi.gov.in` वर नोंदणीकृत मध्यस्थांच्या यादीत तो शोध. क्रमांक सापडला म्हणून खूश होऊ नकोस, दुसऱ्याचा क्रमांक चोरून प्रोफाइलला लावणारे पुष्कळ असतात. यादीतलं नाव आणि ईमेल ग्रुपवाल्याशी जुळतात का ते बघ, आणि यादीतल्या ईमेलवरच विचार, ‘हा ग्रुप तुमचाच का?’ मग बँकेच्या नोंदीत पैसे कुणाच्या नावाने जमा झाले ते पाहा. एखाद्या भलत्याच माणसाच्या बचत खात्यात गेले असतील तर पुढचं चित्र स्पष्ट आहे. फी घेण्याआधी त्यांनी तुझं केवायसी केलं होतं का, अटी दाखवून संमती घेतली होती का? खरा माणूस हे टाळत नाही.

नोंदणी खरी निघाली तर यादीतल्या ईमेलवर सेवा बंद करत असल्याचं आणि उरलेली फी मागत असल्याचं लिही. दाद लागली नाही तर `scores.sebi.gov.in` वर तक्रार टाक. तिथे त्यांना २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. समाधान झालं नाही तर `smartodr.in` वर तडजोड आणि लवाद आहेत. स्कोअर्सवर तक्रार एक वर्षाच्या आत करावी लागते, तेव्हा रेंगाळू नकोस.

नोंदणी खोटी निघाली तर स्कोअर्सचा उपयोग नाही. मग १९३० वर फोन आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार, सोबत बँकेला लेखी कळव. पैसे खात्यातून पुढे सरकण्याआधी कळलं तर रोखता येतात. दोन महिन्यांनंतर ती आशा बरीच कमी, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आणि एक. दोन-चार दिवसांत कुणीतरी फोन करेल: ‘तुमचा रिफंड मंजूर झालाय, आधी १८ टक्के जीएसटी भरा’, किंवा ‘सेबीच्या ऑफिसातून बोलतोय, प्रोसेसिंग फी पाठवा.’ तुझा नंबर आणि तुझी रक्कम त्याला माहीत असेल, कारण ती यादी ग्रुपवाल्यांकडूनच निघते. रिफंड म्हणजे त्यांनी तुला द्यायचे पैसे. त्यासाठी तू भरायचं काही नसतं. ओटीपी तर कुणालाच नको.

डीमॅटचा पासवर्ड त्यांना दिला होतास का, ते तू लिहिलं नाहीस. दिला असेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी तो बदल. ईमेलचा मसुदा रविवारी घेऊन ये, चहा घेता घेता बघू.

तुझा,
काका