कॉपी आणि मूव्ह यांत फरक काय, आणि मध्येच केबल निघाली तर फाइल्सचे काय होते?

प्रश्न: लॅपटॉपच्या D: ड्राइव्हवरचे लग्नाच्या व्हिडिओंचे फोल्डर कट करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर पेस्ट करत होतो. निम्म्यात केबल निघाली. फाइल्स गेल्या का?

उत्तर: बहुतेक गेलेल्या नाहीत, पण तपासल्याशिवाय काहीही डिलीट करू नका.

एकाच ड्राइव्हमध्ये फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली, तर आतील माहिती जागची हलत नाही, फक्त ती कोणत्या फोल्डरची आहे ही नोंद बदलते. म्हणून दहा जीबीची फाइलही क्षणात हलते. दोन वेगळ्या ड्राइव्हांमध्ये मात्र असे करता येत नाही. तेथे विंडोज आधी फाइलची प्रत तयार करते आणि ती पूर्ण झाल्यावरच मूळ फाइल काढून टाकते. कॉपीमध्ये हे शेवटचे काढून टाकणे नसते, एवढाच फरक.

त्यामुळे केबल निघाली त्या क्षणी जी फाइल जात होती, ती D: वर शाबूत असते. तिची बाहेरच्या डिस्कवरील प्रत मात्र अर्धवट असते आणि ती फसवी ठरू शकते, कारण विंडोज अनेकदा फाइलला लागणारी पूर्ण जागा आधीच राखून ठेवते. आकार मूळ फाइलइतकाच दिसतो, पण व्हिडिओ मध्येच अडकतो किंवा उघडतच नाही. तेव्हा नुसता आकार जुळला म्हणून विश्वास ठेवू नये. पुन्हा पेस्ट करताना त्याच नावाच्या फाइलबद्दल विचारणा झाली, तर वगळण्याऐवजी बदलण्याचा पर्याय निवडावा, नाहीतर ती खराब प्रतच राहील. शंका असल्यास कमांड प्रॉम्प्टमध्ये मूळ फाइल आणि तिची प्रत या दोन्हींवर, प्रत्येकीचा पत्ता घालून, ही आज्ञा चालवा आणि येणारी ओळ जुळते का ते पाहा:

```
certutil -hashfile "D:\Lagna\haldi.mp4" SHA256
```

खरा धोका आधीच्या एकदोन फाइल्सना असतो. त्यांची प्रत पूर्ण झाल्याचे नोंदले जाऊन मूळ फाइल निघालेली असते, परंतु शेवटचा काही भाग डिस्कवर लिहिला जाण्यापूर्वी मेमरीतच असू शकतो. त्या तुलनेसाठी मूळ फाइल उरलेली नसते, म्हणून त्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवूनच पाहाव्या लागतील. त्यांपैकी एखादी बिघडलेली निघाली, तर D: वर नवे काहीही लिहू नका आणि रिकव्हरी सॉफ्टवेअर दुसऱ्या ड्राइव्हवर बसवून शोध घ्या. D: एसएसडी असेल तर आशा कमी, कारण अशा डिस्कवर काढलेल्या फाइलची जागा लवकरच खरोखर पुसली जाते.

बाहेरची डिस्क exFAT प्रकारे फॉरमॅट केलेली असल्यास, तिच्यावरच्या चांगल्या फाइल्स दुसरीकडे कॉपी केल्यानंतर, डिस्कच्या नोंदींतील चुका दुरुस्त करण्यासाठी, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये `chkdsk E: /f` चालवा. E: च्या जागी तिचे अक्षर घाला. पुढच्या वेळी मात्र कॉपी करा, तपासा, आणि मगच मूळ काढा. कट-पेस्टने वाचणारा वेळ तसाही नगण्यच असतो.