स्टिकर कापल्यावर केसांभोवती पांढरी रेघ का राहते?

"आईचा फोटो कापून स्टिकर केला, पण केसांच्या कडेला पांढरट रेघ दिसते, ती कशी घालवू?"

फोटो पांढऱ्या भिंतीसमोर काढलाय ना? मग कापण्यात फारशी चूक नाहीये. केसांच्या कडेचे पिक्सेल मुळातच अर्धे केस अर्धी भिंत असे असतात, त्यामुळे भिंत काढली तरी तिचा रंग त्यांच्यात उरतोच, आणि डार्क मोडच्या चॅटमध्ये तो लगेच उठून दिसतो.

गिम्प या फोटो एडिटरमध्ये माणूस सिलेक्ट केल्यावर `Select > Shrink` मधून 1 किंवा 2 पिक्सेल आत घे, मग `Select > Feather` 1 पिक्सेल, आणि त्यानंतरच बॅकग्राउंड उडव. जास्त आत घेतलंस तर कान आणि चष्म्याची दांडी खाल्ली जाते (माझ्याकडून झालंय). खाली एक गडद रंगाचा लेयर टाकून बघ, पांढऱ्यावर ही रेघ दिसतच नाही.

उडणारे सुटे केस मात्र सरळ कापून टाक, स्टिकर एवढासा असतो, कोण बघतंय! उलट बाहेरून 6-8 पिक्सेलची जाड पांढरी बॉर्डर मुद्दाम दिलीस तर उरलेली रेघ तिच्यातच मिसळून जाते. सेव्ह पीएनजी किंवा वेबपीमध्येच कर, जेपीजीत पारदर्शकपणा टिकत नाही.