ड्रममधली कंपोस्टेबल पिशवी का कुजत नाही

«पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ छापलंय, आयएस 17088 सुद्धा आहे. गच्चीवरच्या ड्रमात सात महिने झाले, भाजीची देठं माती झाली, पिशवी मात्र तशीच. दुकानदाराने फसवलं का?»

बहुतेक नाही. छापलेलं खरं असू शकतं, पण ते तुमच्या ड्रमाबद्दल नाही. आयएस 17088 या भारतीय मानकाच्या चाचणीत खताचं तापमान 58 अंशांच्या आसपास धरून ठेवतात आणि 180 दिवसांत पिशवीतल्या कार्बनपैकी 90 टक्क्यांचा कार्बन डायऑक्साइड झाला का, हे मोजतात. म्हणजे ही परीक्षा मोठ्या खतप्रकल्पातल्या उष्णतेची आहे.

एवढी उष्णता कशाला लागते? या पिशव्यांमध्ये बहुतेक वेळा पीएलए किंवा पीबीएटी नावाचं कुजू शकणारं प्लास्टिक असतं, कधी सोबत स्टार्चही. पीएलएच्या साखळ्या इतक्या लांब असतात की जिवाणूंना त्या थेट खाता येत नाहीत. आधी पाण्याने त्यांचे तुकडे पाडावे लागतात. साठ अंशांच्या जवळ पीएलए मऊ पडतं, पाणी आत शिरतं आणि हे काम काही आठवड्यांत होतं. तिशीत तेच काम वर्षानुवर्षं रेंगाळतं. स्टार्च मात्र लवकर खाल्ला जातो, म्हणून पिशवी चिरफाळते आणि कुजल्यासारखी वाटते.

मी सांगलीत घरी शंभर लिटरच्या ड्रमात दांड्याचा थर्मामीटर खुपसून पाहिलं. ओला कचरा आणि वाळका पाला भरल्यावर तिसऱ्या दिवशी 46 अंश, आठवड्याने 33. एवढासा ढीग आतली ऊब धरूच शकत नाही. त्यासाठी निदान तीन फूट लांब, रुंद आणि उंच ढीग हवा, तोही ओल राखून उलथापालथ केलेला. अशीच एक कंपोस्टेबल पिशवी मेव्हण्यांच्या आष्ट्याजवळच्या शेतात प्रेसमडच्या, म्हणजे साखर कारखान्यात उसाच्या रसातून निघणाऱ्या गाळाच्या ढिगात पुरली. तो ढीग कित्येक दिवस साठीच्या वर होता. अडीच महिन्यांनी उकरलं तर नखाएवढे दोन-तीन कपटे हाती लागले. डोळ्यांना न दिसणारं तिथे किती उरलं, ते मात्र मला मोजता आलं नाही.

म्हणून पिशवी बारीक कातरून ड्रमात टाकू नका, हे कळकळीने सांगतो. कपटे चाळणीतून निसटतात आणि खताबरोबर कुंडीत जातात. आत्ता आहे ती अख्खी ओढून काढा, उरलेलं खत बारीक चाळणीने चाळा.

पुढच्या वेळी घरगुती खतासाठी वेगळं प्रमाणपत्र आहे का, ते बघा. ‘ओके कंपोस्ट होम’ची चाचणी 20 ते 30 अंशांत होते आणि तिला वर्षाची मुदत असते. तरीही भरवसा ठेवू नका. ब्रिटनमध्ये लोकांनी घरच्या ढिगात करून पाहिलेल्या प्रयोगात, घरगुती म्हणून प्रमाणित केलेल्या प्लास्टिकपैकी 60 टक्के पूर्ण विरघळलं नाही. त्याचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. मी आता कचऱ्याच्या डब्यात जुन्या वर्तमानपत्राचा दुहेरी कागद घालतो. तो ओल शोषतो आणि खतातच जिरतो.