न बोललेलं कसं कळतं?

प्रश्न: समोरचा बोलतो थोडं, आपल्याला कळतं जास्त. हे कसं होतं? आणि नंतर तो "मी तसं म्हटलंच नाही" म्हणाला तर तो खोटं बोलतोय का?

खानापूर भागातला भाताचा व्यवहार घ्या. भाचा विचारतो, "मामा, व्यापाऱ्यानं पोती उचलली काय?" मामा म्हणतात, "काही उचलली की." भाचा समजतो, सगळी गेलेली नाहीत. मामांच्या वाक्यात मात्र हे कुठंच नाही. पन्नासच्या पन्नास पोती गेली असती तरी "काही गेली" हे खोटं ठरलं नसतं.

मग उरलेला अर्थ आला कुठून? भाषेचा अभ्यास करणारे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1967 साली हार्वर्डच्या व्याख्यानांत याचं उत्तर दिलं. संभाषणात दोघंही एकमेकांना साथ देतात, असं आपण धरून चालतो: गरजेएवढं सांगावं, खरं सांगावं, विषयाला धरून सांगावं, स्पष्ट सांगावं. इथं काम करतो पहिला नियम. "सगळी" म्हणायला "काही"पेक्षा जास्त कष्ट नव्हते, माहिती मात्र जास्त मिळाली असती. हिशेब मामांच्याच हातात आहे. तरीही त्यांनी "सगळी" म्हटलं नाही, म्हणजे सगळी गेलेली नाहीत. भाचा हे सगळं क्षणात जुळवतो.

हा सूचित अर्थ आहे की शब्दांचाच अर्थ, हे तपासायचं तर त्याच दमात तो मागे घेऊन बघा. "काही उचलली, काही कशाला, सगळीच उचलली" हे चालतं. "काही उचलली, पण एकही उचललं नाही" हे चालत नाही. मागे घेता येतो तो सूचित अर्थ.

चूक होते ती बहुतेक बोलणाऱ्याला किती माहीत आहे, हे न बघितल्यामुळं. हाच प्रश्न घरात बसलेल्या मामींना विचारला आणि त्या "काही गेली बघ" म्हणाल्या, तर अर्थ एवढाच की बाकीच्यांचं त्यांना ठाऊक नाही. वाक्याची ठेवणही बघावी लागते. "काही पोती भिजली असतील तर सांगा" यात "सगळी नाहीत" हा अर्थ निघतच नाही. सगळी भिजली असली तरी सांगायचंच असतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सगळी पोती भिजलेली माहीत असून कुणी "काही भिजली" म्हणालं, तर शब्दशः ते खोटं नाही. पण ऐकणारा काय समजणार हे ओळखून मुद्दाम कमी सांगितलं, तर ती दिशाभूलच, आणि माझ्या मते तिचा दोष बोलणाऱ्यावरच. मागे घेता येतो म्हणून तो अर्थ त्यानं सुचवलाच नव्हता, असं होत नाही. बोलताना तिथंच दुरुस्त केलं असतं तर गोष्ट वेगळी. पैसे हातात पडल्यावर "मी तसं म्हटलंच नाही" म्हणणं ही पळवाट.

म्हणून व्यवहारात "काही" ऐकलं की लगेच विचारा, "पन्नासपैकी किती?" आकडा सांगताना कमी सांगितलं, तर मात्र ते सहसा सरळ खोटंच धरलं जातं.