‘पूर्ण तयारी झाली की देते’ म्हणत टेस्ट टाळणाऱ्या मुलीच्या आईला

*‘सर, मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीएम. दहावीला ९३ टक्के होते. सीईटीच्या क्लासला रेल्वेने जळगावला जाते. वहीत खाडाखोड झाली की पान फाडून पुन्हा लिहिते, ऑरगॅनिकच्या नोट्स तीनदा लिहून झाल्या. टेस्टच्या दिवशी मात्र पोटात दुखतं म्हणून घरीच राहते. म्हणते, पूर्ण तयारी झाली की देते. एकदा टेस्ट दिली तर गणिताचे ५० पैकी १६ प्रश्न कोरे. घरी आल्यावर त्यातले निम्मे तिने आमच्यासमोर सोडवले. आम्ही मार्कांवरून कधीच बोललो नाही. आता म्हणते इंजिनिअरिंग नको, बीएस्सी करते. टेस्टला जबरदस्तीने पाठवायचं का?’ — एक आई, अमळनेर*

ताई, एकदम तीन तासांच्या टेस्टला जबरदस्तीने बसवू नका आणि पोटात दुखतंय म्हणून घरीही ठेवू नका. मधला रस्ता आहे. त्याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारीत आणि सीईटी त्यानंतर, म्हणजे आता सुरुवात केली तर वेळ पुरेल.

आधी पोटदुखीचं. ती ढोंग करत नाही. ताण आला की पोट खरंच दुखतं. ओळखायची खूण अशी की टेस्टची वेळ टळून गेली की दुपारपर्यंत दुखणं आपोआप कमी होतं, आणि सुटीच्या दिवशी दुखत नाही. एरवीही दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आता ‘आज राहू दे’ म्हटल्यावर काय होतं ते बघा. त्याच क्षणी तिला हायसं वाटतं, आणि गोष्ट बिघडते ती त्या हायसं वाटण्यामुळेच. टेस्ट टाळली की बरं वाटतं, हे मन शिकतं. टेस्ट दिली असती तर काय झालं असतं, हे तिला कधी कळतच नाही, त्यामुळे मनातली भीती जशीच्या तशी राहते. पुढच्या टेस्टपर्यंत अभ्यासही मागे पडलेला असतो, म्हणून ती टेस्ट आणखी अवघड वाटते. पान फाडणं हाही त्याच टाळण्याचा प्रकार आहे. चूक डोळ्यांसमोरून गेली की बरं वाटतं, पण ती का झाली ते पाहायचं राहून जातं. या मुलांना आळशी म्हणणं चूक आहे. ती दिवसभर राबतात, फक्त जिथे चूक उघडी पडू शकते त्या कामाच्या वाटेला जात नाहीत.

नोट्स तीनदा लिहिल्याने अभ्यास झाल्यासारखा वाटतो, कारण समोरचा मजकूर ओळखीचा होत जातो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेला एक प्रयोग इथे उपयोगाचा आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून पुस्तक न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. म्हणून तयारी पूर्ण होईपर्यंत टेस्ट थांबवायची हा हिशोबच उलटा आहे. चुकत चुकत दिलेल्या टेस्टमुळेच तयारी पूर्ण होते.

त्या १६ कोऱ्या प्रश्नांचा हिशोब तिच्याबरोबर कागदावर मांडा. एमएचटी-सीईटीत गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला २ गुण आहेत आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. चार पर्यायांतला कुठलाही डोळे झाकून निवडला तरी १६ मधले सरासरी ४ बरोबर येतील, म्हणजे ८ गुण. प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर सरासरी ८ बरोबर, म्हणजे १६ गुण. आणि तिला तर निम्मे प्रश्न येत होते. ‘खात्री नसेल तर लिहायचं नाही’ हा तिचा नियम या परीक्षेत दर वेळी तोट्याचाच आहे. बोर्डाच्या गणितातही तेच. शेवटचं उत्तर चुकलं तरी बरोबर पायऱ्यांना गुण मिळतात, कोऱ्या जागेला काहीच मिळत नाही. हा हिशोब तिने स्वतः करावा, तुम्ही सांगून तेवढं पटणार नाही. मात्र जेईईत चुकीच्या उत्तराला गुण कापतात, ती परीक्षाही देणार असेल तर तिथला हिशोब वेगळा मांडावा लागेल.

हिशोब पटला तरी पेन हातात घेतल्यावर भीती वाटेलच. त्यासाठी सराव लहान मापाने सुरू करायचा. पहिल्या आठवड्यात आठवड्यातून चार दिवस, रोज फक्त १० प्रश्न. गणिताला १८ मिनिटं, भौतिक किंवा रसायनशास्त्राला ९ मिनिटं. हे माप परीक्षेतलंच आहे: गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, आणि भौतिक-रसायनचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत. धडा मुद्दाम अर्धवट झालेलाच निवडायचा. पेनाने लिहायचं, चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे जायचं. पान फाडायचं नाही. एखादं उत्तर एकदाच तपासायचं, दुसऱ्यांदा मागे यायचं नाही, आणि वेळ संपली की जिथे असेल तिथे थांबायचं.

सुरू करण्याआधी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहायला सांगा: किती चुकतील असं वाटतं, आत्ता ताण ० ते १० मध्ये किती आहे, आणि चुकलं तर काय होईल असं वाटतं. तपासून झाल्यावर त्याखाली खरं काय झालं ते लिहायचं, आणि अर्ध्या तासाने ताणाचा आकडा पुन्हा. समजा तिने लिहिलं: ‘८ चुकतील, ताण ८, आज दिवसभर अभ्यासच होणार नाही.’ प्रत्यक्षात ५ चुकले, अर्ध्या तासाने ताण ४, आणि संध्याकाळी तिने डेरिव्हेटिव्हची उदाहरणं सोडवली. असे आठ-दहा कागद साठले की चुकल्यावर सगळं संपत नाही, हे ती स्वतःच्या अक्षरात वाचते. आपण शंभर वेळा ‘घाबरू नकोस’ म्हटल्याने जे होत नाही ते इथे होतं.

पुढची पायरी कधी चढायची, हे मार्कांवरून ठरवू नका. तिने सुरुवात करायला चालढकल केली नाही आणि सुरुवातीचा ताण निम्म्यावर आला, की १० वरून २५ प्रश्न, मग गणिताचा पूर्ण ९० मिनिटांचा भाग, आणि शेवटी क्लासमध्ये बसून तीन तासांची पूर्ण टेस्ट. क्लासच्या सरांना आधीच सांगून ठेवा: सुरुवातीच्या दोन-तीन टेस्टना तिने फक्त पहिला ९० मिनिटांचा भाग दिला तरी चालेल, पण गैरहजर राहायचं नाही. आणि तिचे गुण गटावर टाकू नयेत.

चुकांसाठी वेगळी वही हवी, पण इथे एक धोका आहे. अशी मुलं चुकांची वहीही रंगीत पेनांनी सजवतात आणि तीही पुन्हा लिहितात. म्हणून साधी रफ वही, एकच पेन, एका चुकीला जास्तीत जास्त तीन ओळी, आणि एकूण १५ मिनिटं. प्रत्येक चुकीपुढे तीनपैकी एक अक्षर लिहायचं. ‘न’ म्हणजे येतच नव्हतं, तिथे धडा पुन्हा बघायचा. ‘घ’ म्हणजे घाईत वाचलं किंवा आकडेमोड चुकली, तिथे त्याच प्रकारची तीन उदाहरणं सोडवायची. ‘स’ म्हणजे येत होतं पण सोडलं. या ‘स’वर सगळ्यात जास्त लक्ष द्या. तिच्या पहिल्या टेस्टमध्ये ‘स’ आठच्या आसपास निघतील. महिन्याभरात ते दोन-तीनवर आले तर, एकूण गुण फारसे वाढले नसले तरी, काम बरोबर चाललंय.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात एकदा तरी ती मागे घसरेल, बहुधा पूर्वपरीक्षेच्या तोंडावर. पुन्हा पान फाडेल, एखादी टेस्ट बुडवेल. त्या दिवशी एकच करा: दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली येऊन १० प्रश्न. सुट्टी देऊ नका आणि भरपाई म्हणून जास्त अभ्यासही लादू नका.

तुम्ही मार्कांवरून बोलला नाहीत हे खरंच असेल. पण मुलं घराचं बोलणं इतर ठिकाणांहूनही गोळा करतात. लग्नात कुणी ‘तुले कितला मार्क पडनात?’ विचारतं, आणि आपण अभिमानाने ‘दहावीला ९३ होते’ म्हणतो. ‘तू हुशार आहेस, तुला पडतीलच’ हा धीरही तिच्या कानाला ‘कमी पडले तर मी हुशार नाही’ असा ऐकू जातो. टेस्टहून आल्यावर ‘किती पडले?’ ऐवजी ‘आज नवीन काय अडलं?’ एवढंच विचारा, आणि उत्तर आलं नाही तर सोडून द्या. तिच्या वडिलांनाही हे सांगा. घरात एकाने विचारायचं नाही आणि दुसऱ्याने विचारायचं, असं झालं तर उपयोग होत नाही. आणखी एक, तिच्या वतीने क्लासला ‘बरं नाही’ असा निरोप तुम्ही पाठवू नका. जायचं नसेल तर फोन तिने करावा.

राहिला बीएस्सीचा प्रश्न. बीएस्सी हा चांगला रस्ता आहे आणि तुमच्याच गावात प्रताप महाविद्यालयात तो आहे. पण तिथेही प्रॅक्टिकल असतात, तोंडी परीक्षा असते, आणि प्रयोग पहिल्या फटक्यात जमत नाहीत. भीतीपासून पळून तिकडे गेली तर भीती तिच्यासोबत जाईल. म्हणून हा निर्णय सहा आठवडे बाजूला ठेवा, मात्र सीईटीचा अर्ज वेळेत भरून ठेवा. त्यानंतर विचारा: टेस्ट नसताना, कुणी न सांगता ती कोणता विषय उघडते? तोच विषय पुढे खोलवर शिकावासा वाटतो म्हणून बीएस्सी हवं असेल तर खुशाल करू द्या. ‘तिथे चुकायची भीती कमी’ एवढंच कारण निघालं तर अजून थांबा.

काही गोष्टी मात्र या घरच्या उपायांच्या पलीकडच्या आहेत. दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा जेवण बिघडलं, एकच ओळ बरोबर वाटेपर्यंत तासन् तास लिहीत राहिली, कॉलेजला जाणंही बंद केलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तोवर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही फोन करता येतो, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ‘जगून काय उपयोग’ अशा अर्थाचं एक वाक्य जरी तिच्या तोंडून आलं, तर अभ्यासाचं सगळं बाजूला ठेवा, तिला एकटीला सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.