ऑर्डर बुक नाही, तर भाव येतो कुठून?

प्रश्न: शेअर बाजारात खरेदीदार आणि विक्रेता दोघांच्या ऑर्डर जुळल्या की सौदा होतो. युनिस्वॅप या क्रिप्टो एक्सचेंजवर ऑर्डर बुक, म्हणजे अशा ऑर्डरची यादीच नाही म्हणतात. मग समोर विकणारा कोण असतो आणि भाव कोण ठरवतं?

समोर माणूस नसतो, पूल असतो, म्हणजे लोकांनी जमा केलेल्या टोकनांचा सामायिक साठा. आणि भाव कोणी ठरवत नाही. पुलात दोन टोकन ज्या प्रमाणात पडलेली असतात, ते प्रमाण म्हणजेच भाव.

युनिस्वॅप ज्या इथेरियम ब्लॉकचेनवर चालतं, तिथे ऑर्डर टाकणं, बदलणं, रद्द करणं यातला प्रत्येक व्यवहार साखळीवर नोंदवायचा तर दरवेळी गॅसचे, म्हणजे नेटवर्कच्या फीचे, पैसे पडतात, आणि नवा ब्लॉक साधारण १२ सेकंदांनी येतो. शेअर बाजारातले मार्केट मेकर एका सेकंदात कित्येकदा भाव बदलतात. त्यांना हे परवडणार नाही. म्हणून २०१८ साली आलेल्या युनिस्वॅपने ऑर्डर बुक बाजूलाच ठेवलं. लोकांनी दोन टोकनांची जोडी एका स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे साखळीवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, जमा करायची आणि ज्याला सौदा करायचा त्याने त्या साठ्याशी करायचा. नियम एकच:

```
x × y = k
```

x म्हणजे एका टोकनचा साठा, y दुसऱ्याचा. सौद्यानंतरही दोघांचा गुणाकार तेवढाच राहिला पाहिजे.

समजा पुलात इथेरियमचं टोकन ईथर १० आणि डॉलरच्या भावाला बांधलेलं टोकन यूएसडीसी २०,००० आहेत. गुणाकार २,००,०००, आणि भाव २,००० यूएसडीसीला एक ईथर. तुम्हाला एक ईथर हवा आहे. तो काढला की ९ उरतात, म्हणजे दुसऱ्या बाजूला २,००,००० भागिले ९, साधारण २२,२२२ यूएसडीसी असायला हवेत. तुम्हाला २,२२२ भरावे लागतात. स्क्रीनवर भाव २,००० दिसत होता, तरी ११ टक्के जास्त गेले, आणि ०.३ टक्के फी वेगळी. हीच खरेदी १,००० ईथर आणि २० लाख यूएसडीसीच्या पुलात केली, तर फी सोडून साधारण २,००२ पडतात. म्हणून मी भावाआधी पूल किती खोल आहे ते बघतो. नवख्या टोकनांचे पूल फार उथळ असतात, आणि पैसे तिथेच बुडतात.

आता त्या छोट्या पुलात ९ ईथर आणि २२,२२२ यूएसडीसी आहेत. भाव झाला २,४६९. बाहेर मात्र अजून २,००० च आहे. ही तफावत दिसताच कोणीतरी बाहेरून स्वस्त ईथर आणून पुलात विकतं, आणि भाव पुन्हा २,००० च्या आसपास येतो. याला आर्बिट्राज म्हणतात. पुलाला बाहेरच्या बाजाराची काहीही खबर नसते. भाव बदलल्याचं त्याला कळतं ते अशा सौद्यातूनच.

याची किंमत पुलात पैसे ठेवणारा मोजतो, आणि तुमचा विचार पैसे ठेवण्याचा असेल तर हे नीट समजून घ्या. समजा वरचा १० ईथर आणि २०,००० यूएसडीसीचा पूल पूर्ण तुमचाच आहे, आणि बाहेर ईथर ८,००० वर गेला. आर्बिट्राज करणारे तुमच्याकडून ईथर उचलत राहतात, ते पुलातला भाव ८,००० होईपर्यंत. तेव्हा उरतात ५ ईथर आणि ४०,००० यूएसडीसी. गुणाकार तोच, २,००,०००. एकूण किंमत ८०,०००. काहीच न करता दोन्ही टोकन पाकिटात ठेवली असती, तर १,००,००० झाले असते. हा २० टक्क्यांचा फरक म्हणजे इम्परमनंट लॉस. भाव परत २,००० वर आला तर तो भरून निघतो, पण मधेच पैसे काढले तर तो पक्का झाला. दर सौद्यामागच्या फीतली बरीचशी रक्कम तुम्हाला मिळते. ती या तुटीपेक्षा जास्त जमली तरच पैसे ठेवण्यात अर्थ आहे. भाव फारसे हलत नाहीत आणि सौदे मात्र भरपूर होतात, अशा जोडीत ते जमण्याची शक्यता जास्त.

खरेदी करणाऱ्यासाठी धोका वेगळा आहे. तुमचा व्यवहार ब्लॉकमध्ये जाण्याआधी सगळ्यांना दिसू शकतो. मोठी खरेदी येताना दिसली की बॉट तुमच्या आधी खरेदी करून भाव चढवतो, तुमचा सौदा चढ्या भावात होऊ देतो आणि लगेच विकून मोकळा होतो. तो तुम्हाला किती लुटू शकतो हे तुम्ही दिलेल्या स्लिपेज मर्यादेवर, म्हणजे दिसलेल्या भावापेक्षा किती टक्के वाईट भाव चालेल यावर, ठरतं. ५ टक्के ठेवले असतील, तर तो जवळपास तेवढे काढू शकतो. मी मोठ्या पुलात ०.५ टक्के ठेवतो आणि सही करण्याआधी किमान किती टोकन मिळतील तो आकडा वाचतो. त्याच्याखाली सौदा जात असेल तर कॉन्ट्रॅक्ट तो रद्द करतं. गॅस मात्र तरीही जातो.