एच-4 ची मुंबईची तारीख: आधी खात्री, मग कागद

"माझी अमेरिकेच्या एच-4 व्हिसाची तारीख मुंबईत आहे, नवरा तिकडे एच-1बी वर आहे, बुधवारी बोटांचे ठसे आणि शुक्रवारी मुलाखत. कन्फर्मेशनचा ईमेल आलाय. तेवढा पुरेल का? मूळ कागद कुठले आणि प्रिंट कशाकशाची न्यायची?"

ईमेल पुरणार नाही. तो ज्या दिवशी आला त्या दिवशीची तारीख सांगतो, आजची नाही. डिसेंबर 2025 मध्ये एच-1बी आणि एच-4 च्या बऱ्याच मुलाखती दूतावासाने स्वतःहून पुढे ढकलल्या आणि जुन्या तारखेला येणाऱ्यांना आत घेणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. म्हणून मंगळवारी आणि पुन्हा गुरुवारी रात्री usvisascheduling.com वर लॉगिन करून दोन्ही तारखा, वेळा आणि पत्ते बघा. बुकिंग एजंटाने किंवा नवऱ्याने केलं असेल तर सूचना त्यांच्या ईमेलवर जाते. त्यांना इनबॉक्सबरोबर स्पॅमही बघायला सांगा. काही बदललं असेल तर अपॉइंटमेंटचं पत्र नव्याने छापा आणि जुनं फाडून टाका, म्हणजे घाईत चुकीचा कागद हाती लागणार नाही.

पत्ते दोन आहेत. ठसे आणि फोटो व्हिसा अर्ज केंद्रात (व्हीएसी) होतात, मुलाखत बीकेसीतल्या जी ब्लॉकमधल्या वकिलातीत. पासपोर्ट, अपॉइंटमेंटचं पत्र आणि डीएस-160 या ऑनलाइन व्हिसा अर्जाची कन्फर्मेशनची पानं दोन्हीकडे लागतात, म्हणून प्रिंटचे दोन संच काढा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो डीएस-160 च्या नंबरात. कन्फर्मेशनच्या पानावर बारकोडजवळ AA00 ने सुरू होणारा नंबर असतो. अपॉइंटमेंट घेताना हाच नंबर दिलेला असायला हवा. होतं काय, की बुकिंगनंतर फॉर्ममधली चूक लक्षात येते, माणूस नवा फॉर्म भरतो, त्याला नवा नंबर मिळतो आणि प्रोफाइलमध्ये जुनाच राहून जातो. मग खिडकीवर दोन्ही जुळत नाहीत आणि परत पाठवलं जाऊ शकतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. फरक दिसला तर प्रोफाइलमध्ये नवा नंबर घालून पत्र पुन्हा छापा. तिथे बदलता येत नसेल तर त्याच पोर्टलच्या मदत कक्षाला लगेच लिहा, आदल्या रात्रीपर्यंत थांबू नका. बारकोड फिका किंवा घडीवर आलेला नको, लेझर प्रिंट काढा.

दुसरं, नाव. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं, आणि पासपोर्टवर ते बहुधा Given Name मध्येच असतं. समजा तिथे SNEHA SUNIL आणि Surname मध्ये KULKARNI छापलंय, तर डीएस-160 आणि अपॉइंटमेंट दोन्हीकडे अगदी तसंच हवं. लग्नानंतर आडनाव बदललं असलं तरी पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर अर्जही त्याच नावाने. सासरचं नाव कुठे वापरलं असेल तर ते इतर नावांच्या रकान्यात लिहा.

मूळ कागदांत जीव आहे तो विवाह नोंदणीच्या दाखल्यात. महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकाचा सही-शिक्क्याचा मूळ दाखला न्या. लॅमिनेशन करू नका. तो फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून सोबत ठेवा. लग्नपत्रिका किंवा कार्यालयाची पावती याची जागा घेत नाही, लग्नाचे चार-सहा फोटो मात्र जोडीला असू द्या. नवऱ्याच्या आय-797 या मंजुरीच्या नोटिसीची प्रत, नोकरीचं पत्र, अलीकडच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि त्याच्या पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती घ्या. त्याचे मूळ कागद अमेरिकेत असतात, त्यामुळे इथे प्रती चालतात. तुमचे जुने पासपोर्ट, विशेषतः ज्यांत अमेरिकेचा व्हिसा आहे ते, आणि 2 बाय 2 इंचाचा अलीकडचा फोटोही ठेवा.

हे सगळं पारदर्शक फोल्डरमध्ये, सुटं. बंद लिफाफा वकिलातीत नेता येत नाही. मोबाइलही नाही, म्हणूनच "पीडीएफ फोनमध्ये आहे" हे तिथे कामाचं नाही. फोन आणि बॅग सोबत आलेल्या माणसाकडे द्या.

डीएस-160 च्या पानाची एक प्रत घरी ठेवा. मुलाखतीनंतर पासपोर्ट वकिलातीकडेच राहतो, आणि ceac.state.gov वर अर्जाची स्थिती बघताना तो AA00 चा नंबर, पासपोर्ट नंबर आणि आडनावाची पहिली पाच अक्षरं विचारतात.